दोन संस्थापक, दोन संचालक: मंडळावर तिसरा माणूस कधी आणि कसा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या शेडमधून किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या फ्लॅटमधून सुरू झालेल्या बहुतेक कंपन्यांची रचना सारखीच दिसते. दोन मित्र, निम्मे-निम्मे शेअर्स, दोघेही संचालक. सगळं सुरळीत असतं तोवर मंडळ म्हणजे कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस, पाठवतो त्या कागदांवर सह्या करणं, एवढंच. पुढचे प्रश्न अशाच कंपन्यांकडून येतात. उत्तरं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी गृहीत धरून दिली आहेत आणि कंपनी कायदा 2013 चा आधार घेतला आहे.

आमच्यासारख्या कंपनीला कायद्याने तिसरा संचालक लागतो का?

नाही. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक पुरतात आणि त्यातला एक तरी आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहणारा हवा. कमाल मर्यादा 15 आहे, तिची तुम्हाला सध्या काळजी नाही. स्वतंत्र संचालकाची सक्ती लिस्टेड कंपन्यांना आहे, तिथे एकूण संचालकांच्या किमान एक तृतीयांश. लिस्ट न झालेल्या पब्लिक कंपनीलाही ती लागू होते, पण भरणा झालेलं भागभांडवल 10 कोटी किंवा जास्त, उलाढाल 100 कोटी किंवा जास्त, किंवा थकित कर्ज-डिबेंचर-ठेवी मिळून 50 कोटींच्या वर असतील तरच, आणि तिथे किमान दोन लागतात. प्रायव्हेट कंपनीला ही सक्ती नाही. म्हणजे तिसरा माणूस घ्यायचा की नाही, हा पूर्णपणे तुमचा निर्णय आहे, आणि म्हणूनच तो पुढे ढकलला जातो.

मग दोघांच्या मंडळात नेमकी अडचण कुठे आहे? आमचं तर छान जमतं.

अडचण मतभेदाच्या आधीच सुरू होते, गणपूर्तीपासून. संचालक मंडळाच्या बैठकीला एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यातली मोठी संख्या हजर लागते. दोनच संचालक असतील तर दोघेही हजर हवेत. व्हिडिओ कॉलवरची हजेरी धरली जाते, पण हजेरी लागतेच. याचा अर्थ असा की एखादी गोष्ट अडवायची असेल तर तुमच्या भागीदाराला विरोधात मत द्यायचीही गरज नाही. तो आला नाही की बैठकच होत नाही. कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, वेगळं काही नसेल तर गणपूर्तीअभावी राहिलेली बैठक आपोआप पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी ढकलली जाते. पण मंडळाच्या पुढे ढकललेल्या बैठकीलाही तीच गणपूर्ती लागते. तेव्हाही तो आला नाही, तर तुम्ही होता तिथेच.

फिरता ठराव, म्हणजे ईमेलवर मसुदा पाठवून घेतलेली संमती, यानेही सुटका नाही. त्याला मतदानाचा अधिकार असलेल्या संचालकांचं बहुमत लागतं आणि दोघांतलं बहुमत म्हणजे दोघेच.

लोक विचारतात, वर्षभर आला नाही तर त्याचं संचालकपद जातं ना? बारा महिन्यांत भरलेल्या सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलं तर पद जातं, हे खरं. पण गणपूर्ती नाही म्हणून बैठक भरलीच नाही, तर तो ‘भरलेल्या’ बैठकांना गैरहजर होता असं कशाच्या जोरावर म्हणणार? इथे वकिलांना काम मिळतं, तुमचा प्रश्न तसाच राहतो.

एकाला अध्यक्ष केलं की निर्णायक मत मिळतं, असं ऐकलं. तो मार्ग चांगला नाही का?

कंपनी नोंदवताना INC-34 मध्ये जी नियमावली भरली ती आधी काढून वाचा. बहुतेकांनी कायद्याबरोबर येणारी तक्ता ‘एफ’ची नमुना नियमावली जशीच्या तशी स्वीकारलेली असते. तिच्या 68 व्या कलमात लिहिलं आहे की मंडळात समसमान मतं पडली तर मंडळाच्या अध्यक्षाला, तो असेल तर, दुसरं म्हणजे निर्णायक मत आहे. अध्यक्ष निवडायचा अधिकार मंडळाला आहे.

आता विचार करा. दोघांच्या कंपनीत ज्याला अध्यक्ष केलं, त्याच्या हातात शेअर्स निम्मे असले तरी मंडळ पूर्ण आलं. पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात कुणीतरी सहज ‘श्री. अमुक यांची अध्यक्षपदी निवड’ असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याला त्याचा अर्थ चार वर्षांनी कळतो. मग तो गप्प बसत नाही, तो बैठकीला येणंच थांबवतो, आणि गणपूर्तीचा प्रश्न पुन्हा दारात येतो. निर्णायक मत कुणाला हे तुम्ही दोघांनी जाणूनबुजून ठरवलं असेल तर माझी हरकत नाही. एकाकडे अंतिम निर्णय असलेल्या कंपन्याही चांगल्या चालतात. पण नकळत मिळालेलं निर्णायक मत दोघांपैकी कुणाच्याच उपयोगाचं नाही. ते काढायचं असेल तर नियमावलीत बदल करावा लागतो, त्याला भागधारकांचा विशेष ठराव म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं लागतात. निम्मे-निम्मे असताना हे दोघांच्या संमतीनेच होतं, म्हणून जमत असतानाच करून टाका.

हे सगळं प्रत्यक्षात कसं अडकतं? एखादं उदाहरण द्या.

एक कल्पित कंपनी घेऊ, पण आकडे असे घेऊ की आपल्याकडच्या कुणालाही ओळखीचे वाटतील. कंपनी द्राक्षांच्या प्री-कूलिंग रूम आणि कोल्ड स्टोरेजसाठी तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारं उपकरण बनवते. एक संस्थापक इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे, तो अंबडच्या गाळ्यात जुळणी बघतो. दुसरी संस्थापक विक्री बघते, तिचा वेळ दिंडोरी आणि पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये जातो.

ऑक्टोबरच्या शेवटी तिला एका निर्यातदाराकडून 300 नगांची ऑर्डर येते. नगाला 15,000 रुपये, म्हणजे 45 लाख. माल डिसेंबरअखेर हवा, कारण जानेवारीत हंगाम सुरू होतो. पैसे 90 दिवसांनी. नगामागे कच्चा माल आणि जुळणी 9,500, म्हणजे 28.5 लाख. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. कंपनीच्या खात्यात 11 लाख आहेत. तिचा हिशोब सरळ आहे. 28.5 मधून 11 वजा, 17.5 लाख कमी पडतात, बँक 25 लाखांचं खेळतं भांडवल द्यायला तयार आहे, मग अडलं कुठे?

इंजिनियरचं म्हणणं, बँक दोघांची वैयक्तिक हमी मागते आणि माझ्या घरावर आधीच कर्ज आहे. शिवाय 300 नग दोन महिन्यांत केले तर तपासणी नीट होणार नाही. बँकेला कर्जासाठी मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत हवी असते, कारण कंपनीच्या नावाने कर्ज घेणं हा मंडळाच्या बैठकीतच वापरायचा अधिकार आहे. तो बैठकीत पारित केलेल्या ठरावाने दुसऱ्याकडे सोपवता येतो, पण यांनी तसा ठराव कधी केलेला नाही.

ती सात दिवसांची नोटीस काढते. तो गावी गेलेला असतो. बैठक आपोआप पुढच्या आठवड्यात. तेव्हा तो फोन उचलत नाही. नोव्हेंबरचे तीन आठवडे असे जातात. निर्यातदार पुण्याच्या पुरवठादाराकडे वळतो. ऑर्डर गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे आता तिला वाटतं त्याने मुद्दाम केलं आणि त्याला वाटतं तिने त्याच्या घराचा विचारच केला नाही. दोघांनाही स्वतःची बाजू पटते. आणि ती ऑर्डर घ्यायला हवी होती की नाही, हे त्या तीन आठवड्यांत कुणीच तपासलं नाही.

तिसरा संचालक असता तर त्याने कुणाच्या बाजूने मत दिलं असतं?

हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘मत द्यावंच लागत नाही’ असं असतं. तीच कंपनी, तीच ऑर्डर, पण मंडळावर तिसरा आहे असं धरू. समजा तो सातपूरला स्वतःचा कारखाना वीस-पंचवीस वर्षं चालवून आता निवांत झालेला उद्योजक आहे.

पहिला फरक गणपूर्तीत पडतो. तीन संचालकांना दोन हजर पुरतात. कुणी एक आला नाही म्हणून बैठक राहत नाही, आणि हे माहीत असलं की सहसा तिघेही येतात.

दुसरा फरक प्रश्नात. तो विचारतो, नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिन्यांचे पगार आणि भाडं या हिशोबात कुठे आहे? महिन्याचा खर्च 4 लाख, म्हणजे 24 लाख. इतर जुन्या ग्राहकांकडून महिन्याला साधारण 2 लाख येतात, म्हणजे 12. एप्रिलपर्यंत का धरायचं? कारण माल डिसेंबरअखेर दिला तर 90 दिवस मार्चअखेर संपतात, आणि हंगामाच्या गर्दीत पैसे एखादा महिना पुढे सरकतात हे त्याला अनुभवाने माहीत आहे. आता मांडणी अशी होते: 28.5 अधिक 24, त्यातून 11 आणि 12 वजा. कमी पडतात 29.5 लाख. म्हणजे 25 लाखांचं कर्ज पूर्ण काढूनही एप्रिलमध्ये साडेचार लाखांचं भगदाड राहतंच. तिला हे दिसलं नव्हतं आणि इंजिनियरलाही नाही. तो घराच्या काळजीने नाही म्हणत होता, आकड्याने नाही.

मग चर्चा ‘घ्यायची की नाही’वरून ‘किती घ्यायची’वर येते. 180 नग या हंगामात, 30 टक्के आगाऊ, उरलेले 120 पुढच्या हंगामासाठी. ऑर्डर 27 लाख, आगाऊ 8.1 लाख, कच्चा माल 17.1 लाख. हिशोब: 17.1 अधिक 24, वजा 11, वजा 12, वजा 8.1. कमी पडतात बरोबर 10 लाख. कर्ज 12 लाखांचं, हमीचा आकडाही तेवढाच उतरतो, आणि 180 नगांची तपासणी इंजिनियरला झेपते. निर्यातदार आगाऊ देईल का, हे विचारायला ती दुसऱ्या दिवशी दिंडोरीला जाते. तो नाही म्हणाला, तरी आता नकार का द्यायचा हे दोघांना सारखंच माहीत आहे.

म्हणजे तिसरा आणि एक संस्थापक मिळून दुसऱ्याला डावलू शकतात?

हो, आणि ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. दोघांच्या उपस्थितीत बैठक होते आणि दोघांच्या बहुमताने ठराव होतो. म्हणून तिसरा आणण्याआधी नियमावलीत आणि भागधारक करारात एक छोटी यादी घाला, जिच्यातल्या गोष्टींना दोन्ही संस्थापकांची लेखी संमती लागेल. नवे शेअर्स काढणं, कंपनी किंवा तिचं तंत्रज्ञान विकणं, संस्थापकाचा पगार किंवा त्याला कामावरून काढणं, आणि ठरावीक रकमेवरचं कर्ज किंवा वैयक्तिक हमी. बस. ही यादी पंधरा-वीस कलमांची झाली की तुम्ही पुन्हा दोघांच्याच मंडळात आलात, फक्त तिसऱ्याला चहा पाजत. वरच्या उदाहरणात मी कर्जाची मर्यादा 15 लाख ठेवली असती. त्याखाली मंडळ बहुमताने ठरवेल, वर दोघांची सही.

नेमकी वेळ कोणती? नोंदणीच्या दिवसापासूनच घ्यावा का?

नोंदणीच्या दिवशी नको. माल अजून बनलेला नाही, ग्राहक नाही, दर महिन्याचे हिशोब लागत नाहीत, अशा वेळी चांगल्या माणसाला संचालक करून त्याच्याकडून सह्याच करून घ्याल. तो सहा महिन्यांत कंटाळतो. त्या टप्प्यावर त्याच्याकडे महिन्यातून एकदा जाऊन बसा, सल्ला घ्या. हीच त्याची आणि तुमची पारख आहे.

माझ्या मते वेळ आली हे तीन गोष्टींवरून कळतं. पहिली, कंपनीच्या नावाने पहिलं मोठं देणं उभं राहायला आलं, बँकेचं कर्ज असो की सहा महिन्यांहून लांब उधारीची ऑर्डर. दुसरी, दोघांची कामं इतकी वेगळी झाली की एकाचे आकडे दुसऱ्याला तपासता येत नाहीत. तिसरी, बाहेरचा पैसा येण्याची बोलणी सहा-आठ महिन्यांवर दिसू लागली. यातली कुठलीही एक पुरे. पण एक अट सगळ्यांच्या वर: दोघांचं जमत असताना. भांडण झाल्यावर सुचवलेलं प्रत्येक नाव समोरच्याला तुमचं माणूस वाटतं.

एक खूण मी नेहमी बघतो. मागच्या वर्षीचं इतिवृत्ताचं पुस्तक काढा. सगळ्या बैठकांचं इतिवृत्त सीएसने एकाच दिवशी लिहून पाठवलं असेल आणि तुम्ही एकाच बैठकीत सह्या केल्या असतील, तर मंडळ अजून जन्मलेलं नाही. आधी सहा महिने दोघांनीच खऱ्या बैठका घ्या, मग तिसऱ्याला बोलवा.

तिसरा म्हणून बायको, वडील किंवा आमचा सीए चालेल का?

कायद्याने घरचा माणूस प्रायव्हेट कंपनीत संचालक होऊ शकतो. पण एकाच्या घरचा माणूस आला की दुसऱ्यासाठी ते दोन विरुद्ध एक आहे, मग तो माणूस कितीही न्यायी असो. दोन्ही घरांतून एकेक घेतला तर चार झाले आणि तिढा तसाच राहिला.

सीएबाबत वेगळी गोष्ट. जो तुमचं ऑडिट करतो तो संचालक होऊ शकत नाही, कायदा ते थेट मना करतो. ऑडिट न करणारा दुसरा सीए चालेल, पण त्याच्या फर्मला तुमच्याकडून दरवर्षी चांगलं बिल जात असेल तर त्याचा आवाज हळूहळू बिल मंजूर करणाऱ्या संस्थापकाकडे झुकतो.

आपल्या शहराची एक जमेची बाजू आहे. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत असे लोक भेटतात ज्यांनी अंबड-सातपूरमध्ये मंदी, संप, थकबाकी, मोठ्या गिऱ्हाइकाने हात काढणं, हे सगळं सोसून कारखाना टिकवला आहे. सॉफ्टवेअरचं त्यांना कळणार नाही, ही तक्रार मला पटत नाही. तुमच्याकडे सॉफ्टवेअर कळणारे आहेतच. उणीव रोखीच्या प्रवाहाची आणि माणसं सांभाळण्याची असते. एकच जपा: तो तुमचा ग्राहक, पुरवठादार किंवा गाळामालक नसावा. आणि नाव शोधताना दोघांनी आपापली तीन-तीन नावं लिहून एकमेकांना दाखवावीत. एखादं नाव दोन्ही याद्यांत असेल तर त्याच्याकडेच जा. नसेल तर समोरच्याच्या यादीतल्या कुणाला तुम्ही भेटायला तयार आहात, तिथून सुरुवात करा.

त्यांना ‘स्वतंत्र संचालक’ म्हणायचं का? शेअर्स देता येतील का?

इथे नावाने पैशात फरक पडतो. कायद्यातल्या अर्थाने स्वतंत्र संचालक नेमला तर त्याला ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर्स घेण्याचा हक्क, देता येत नाही. पण तोच माणूस साधा बिगर-कार्यकारी संचालक असेल तर ईसॉपच्या नियमात संचालक बसतो. प्रायव्हेट कंपनीला स्वतंत्र संचालकाची सक्ती नसल्याने तुम्ही त्यांना बिगर-कार्यकारी संचालक म्हणूनच नेमा. वागण्यात स्वतंत्र असावेत, कागदावर तो शिक्का नको. उद्या कंपनी पब्लिक झाली आणि सक्ती लागू झाली, तर कलम 149(6) च्या कसोट्या बघून वेगळा माणूस घ्यावा लागेल, कारण ईसॉप घेतलेला आणि कंपनीशी इतका जुना आर्थिक संबंध असलेला माणूस तिथे बसेलच असं नाही.

किती द्यायचं? रोख कमी असलेल्या कंपनीला मी अर्धा ते एक टक्का सुचवतो, दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारा. लक्षात ठेवा, ईसॉपमध्ये पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी काही पदरात पडत नाही, ती किमान मुदत नियमातच आहे. बैठक भत्ता कायद्याने एका बैठकीला एक लाखापर्यंत देता येतो, तुमच्या आकाराला पाच-दहा हजार आणि प्रवासखर्च पुरे. त्यावर टीडीएस कापायचा असतो, आणि जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीने स्वतः भरायचा असतो. हा दुसरा भाग बहुतेकांकडून राहतो आणि पुढे ऑडिटमध्ये निघतो.

नेमणूक कशी करायची? सीएस म्हणतात, मंडळाच्या ठरावाने लगेच होईल.

होईल, पण एक फट आहे. मंडळाने नेमलेला अतिरिक्त संचालक फक्त पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत असतो. तिथे भागधारकांनी साध्या बहुमताने त्याला कायम करावं लागतं. निम्मे-निम्मे असताना एकाने हात वर केला नाही आणि सभेच्या अध्यक्षाला निर्णायक मत नसेल, तर ठराव पडतो आणि तिसरा माणूस घरी जातो. म्हणजे जो नाराज आहे तो सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेपर्यंत थांबतो, बस.

म्हणून नेमणूक थेट भागधारकांच्या सभेत करा. प्रायव्हेट कंपनीत आळीपाळीने निवृत्तीचा नियम लागत नाही, त्यामुळे तुम्ही मुदत घातली नाही तर तो राहतो. त्याला काढायचं तर साधं बहुमत लागतं, आणि निम्मे-निम्मे असताना दोघांनी मिळूनच ते शक्य आहे. कुणा एकाच्या रागावर त्याची खुर्ची अवलंबून नाही, हेच त्याच्या स्वातंत्र्याचं खरं मूळ आहे. मी दोन वर्षांची मुदत लिहायला सांगतो, वाढवायची तर दोघांच्या संमतीने.

कागद फार नाहीत. त्याचा संचालक ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन आणि डिजिटल सही, DIR-2 मध्ये संमती, DIR-8 मध्ये अपात्र नसल्याचं लिहून देणं, MBP-1 मध्ये इतर कंपन्यांतले हितसंबंध, आणि नेमणुकीपासून 30 दिवसांत DIR-12.

कुणी कशाला तयार होईल? उद्या कंपनी बुडाली तर त्यांच्या अंगाशी येईल ना?

हा प्रश्न ते विचारणारच, तेव्हा खरं उत्तर द्या. बिगर-कार्यकारी संचालकाला कलम 149(12) चं संरक्षण आहे. मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत असलेल्या आणि त्याच्या संमतीने किंवा संगनमताने झालेल्या, किंवा त्याने योग्य काळजी न घेतल्याने घडलेल्या गोष्टींपुरतीच जबाबदारी. पण दोन जागा उघड्या राहतात. प्रायव्हेट कंपनीचा थकलेला आयकर आणि जीएसटी कंपनीकडून वसूल झाला नाही, तर त्या काळातल्या संचालकांकडे मागता येतो. आपल्या घोर दुर्लक्षामुळे ती वसुली राहिली नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून प्रत्येक बैठकीत टीडीएस, जीएसटी आणि पीएफची चलनं त्याच्यासमोर ठेवायची, आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. दुसरं, त्याला चेकवर सहीचा अधिकार द्यायचा नाही आणि बँकेने मागितली तरी त्याची वैयक्तिक हमी द्यायची नाही. हे दोन मुद्दे नेमणूकपत्रात लिहून द्या. त्यावर संचालकांचा दायित्व विमा काढलात तर तो माणूस तुम्हाला गंभीर समजेल.

गुंतवणूकदार आला की तो स्वतःचा संचालक देतोच. मग आधी का घ्यायचा?

कारण गुंतवणूकदाराने पाठवलेला माणूस स्वतंत्र नसतो, कायदाही नॉमिनी संचालकाला त्या गणतीत धरत नाही. दोन संस्थापक आणि एक नॉमिनी असं मंडळ झालं, की तुमच्या दोघांच्या प्रत्येक वादात निर्णय गुंतवणूकदाराच्या हाती जातो. आधीपासून तिसरा बसलेला असेल तर मंडळ चारचं होतं, आणि पाचवा उभय संमतीने घ्यायची बोलणी तुम्ही बरोबरीने करू शकता. करारात ‘उभय संमती’ नीट वाचा. ‘गुंतवणूकदाराने सुचवायचा आणि संस्थापकांनी विनाकारण नाकारायचा नाही’ असं लिहिलेलं असेल तर ती त्याचीच दुसरी खुर्ची आहे. छोट्या पहिल्या फेरीत गुंतवणूकदाराला मत नसलेल्या निरीक्षकाची जागा देऊन भागतं का, ते आधी विचारा.

दोघांतला एक गेला किंवा राजीनामा देऊन बाहेर पडला तर?

उरलेला एकटा संचालक फक्त दोन गोष्टी करू शकतो: संचालकांची संख्या गणपूर्तीइतकी वाढवणं किंवा सर्वसाधारण सभा बोलावणं. त्याआधी नवं कर्ज नाही, मंडळाचा दुसरा ठराव नाही. मृत्यू झाला असेल तर त्याचे शेअर्स वारसांच्या नावावर व्हायला वेळ जातो आणि त्या काळात भागधारकांची सभा भरवणंही अवघड होतं. तिसरा आधीपासून असेल तर मंडळ दुसऱ्या दिवशीही चालू राहतं.

आमचं आधीच बिनसलं आहे. आता तिसरा घेऊन उपयोग होईल का?

मंडळावर घ्यायला दोघांची संमती लागते, ती आता मिळणं कठीण. आधी दोघांना मान्य असलेला मध्यस्थ बघा आणि फक्त एका प्रश्नावर बसा: कोण राहणार, कोण बाहेर पडणार आणि कुठल्या भावाने. नाहीतर पुढचा रस्ता कलम 241 खाली एनसीएलटीचा, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आहे, महाराष्ट्रासाठी तो मुंबईला. निम्मे शेअर्स असल्याने अर्जाचा हक्क दोघांनाही आहे. पण तारखा सुरू झाल्या की ग्राहक आणि चांगले कामगार वाट बघत नाहीत.

तिसरा आला. आता बैठका किती आणि कशा घ्यायच्या?

साध्या कंपनीला वर्षाला चार बैठका लागतात, दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर नको. लहान कंपनीला आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक अर्ध्यात एक, आणि दोन्हींत किमान 90 दिवसांचं अंतर, एवढ्यावर भागतं. पण बाहेरच्या माणसाला वर्षातून दोनदा बोलावलं तर तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजून घेतो. दर सहा आठवड्यांनी दोन तास ठेवा, तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, आणि द्राक्ष हंगामासारखा तुमचा धावपळीचा काळ असेल तर त्यातली एक बैठक हंगामाच्या तोंडावर येईल असं बघा.

सात दिवस आधी तीन पानं पाठवा. पहिल्यावर खात्यातली रोख आणि पुढच्या सहा महिन्यांची आवक-जावक, दुसऱ्यावर 60 दिवसांहून जुनी येणी ग्राहकाच्या नावानिशी, तिसऱ्यावर ज्या निर्णयावर दोघांचं एकमत नाही तो, दोघांनी आपापली बाजू प्रत्येकी पाच ओळींत लिहून. तिसरं पान सगळ्यात अवघड जातं आणि सगळ्यात उपयोगी तेच. सहा महिन्यांत ते एकदाही भरलं नसेल, तर तिसऱ्या संचालकाने पुढची बैठक सुरू करताना तेच विचारावं.